मराठी लेखकांच्या टीमसाठी शैलीपुस्तिका: वेलांट्या, आकडे आणि परके शब्द

प्रश्न: "आम्ही सात जण एका वेबसाइटसाठी मराठीत लिहितो. कुणी 'ऑनलाइन' लिहितं, कुणी 'ऑनलाईन'. कुणी '२०२४', कुणी '2024'. कुणी 'संकेतस्थळ', कुणी 'वेबसाइट'. शैलीपुस्तिका करायची ठरवली, पण पहिल्याच बैठकीत 'शुद्ध काय' यावर दोन तास वाद झाला आणि ठरलं काहीच नाही. सुरुवात कुठून करावी?"

तुमची बैठक फसली कारण तिथे तीन वेगळ्या जातींचे प्रश्न एकत्र आले. काही प्रश्नांचा निकाल नियमांनी आधीच लावलेला असतो. काही ठिकाणी नियम स्वतःच दोन वाटा मोकळ्या ठेवतात. आणि काही ठिकाणी नियम फारसं बोलतच नाहीत. 'शुद्ध काय' हा प्रश्न फक्त पहिल्या जातीला लागू पडतो. उरलेल्या दोन्हींत 'आपण काय लिहायचं' एवढंच ठरवायचं असतं. हे वेगळं केलं नाही तर 'माहिती'ची वेलांटी आणि 'ऑनलाइन'ची वेलांटी यांवर सारख्याच आवेशाने मतदान होतं, आणि व्याकरण जाणणारा माणूस दोन्हीकडे सारखाच दुखावतो.

पहिली जात लवकर उरकू. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले. तेव्हा ते चौदा होते, १९७२मध्ये आणखी चार आले. हे अठरा नियम सर्वांना आवडतात असं नाही. पण शाळेची पुस्तकं, शासन आणि बहुतेक प्रकाशनं त्यांवर चालतात, म्हणून ते आधार म्हणून घ्या आणि टीममध्ये त्यांवर चर्चा उघडूच नका. पुस्तिकेत एक वाक्य पुरे: 'लेखन महामंडळाच्या नियमांप्रमाणे, अपवाद खालच्या यादीत.' नियम पुन्हा उतरवून काढण्यात काही हशील नाही, ते कुणी वाचत नाही. त्याऐवजी तुमच्या टीमच्या हातून प्रत्यक्षात चुकणारे शब्द गोळा करा. माझ्या अनुभवात ते थोडेच असतात आणि पुन्हा पुन्हा तेच असतात: परीक्षा, दुरुस्ती, नावीन्य, आशीर्वाद, पारंपरिक, आणि 'वकील'चं 'वकिलाला' होतं तसे उपान्त्य ह्रस्व होणारे शब्द. जोडशब्द वेगळे लिहून ठेवा. 'विद्यार्थी' दीर्घ, पण 'विद्यार्थिसंख्या' ह्रस्व. 'पक्षी' दीर्घ, पण 'पक्षिमित्र' ह्रस्व. इथे भल्याभल्यांची गाडी अडते.

दुसरी जात, म्हणजे नियमांनीच मोकळी ठेवलेली जागा. आज्ञार्थात 'पाहा' आणि 'राहा' यांबरोबर 'पहा' आणि 'रहा' लिहिलेलंही नियमांना चालतं. तुमच्या वेबसाइटवर 'अधिक पहा' असं बटण असेल आणि लेखात 'खालील तक्ता पाहा' असेल, तर चूक कुठलीच नाही, पण वाचकाला ते खटकतं. तत्सम शब्दांत अनुस्वाराऐवजी पंचमवर्ण लिहिण्याचीही मुभा आहे, म्हणजे 'पंडित' आणि 'पण्डित' दोन्ही बसतात. तिथे सरसकट अनुस्वार ठेवा आणि अर्थ बदलतो तेवढेच शब्द बाजूला काढा. 'वेदांत' म्हणजे वेदांमध्ये आणि 'वेदान्त' म्हणजे ते दर्शन.

या जातीतला सगळ्यात मोठा निर्णय मात्र 'असे केले' की 'असं केलं' हा. नियमांनी बोलण्यातली अनुस्वाराची रूपं मुख्यतः संवादासाठी आणि बोलीच्या चित्रणासाठी ठेवली आहेत, औपचारिक लेखनाला एकारान्त रूपं. आज वेबवर निम्मं लेखन गप्पांच्या सुरात असतं, त्यामुळे दोन्ही चालतात. विभागवार ठरवा: माहितीपर आणि सूचनांच्या मजकुरात 'असे', ब्लॉग आणि मुलाखतींत 'असं'. एका लेखात मात्र एकच. 'त्यांनी सांगितले की काम झालं' असं वाक्य हातून सहज उतरतं.

आणि हे एका क्लिकवर बदलता येईल असं समजू नका. 'चांगले काम' हे 'चांगलं काम' होतं, कारण काम नपुंसकलिंगी एकवचन आहे. 'चांगले मित्र' तसंच राहतं, कारण तिथे पुल्लिंगी अनेकवचन आहे. हा फरक वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून सूर लेख लिहायला घेण्याआधी ठरवायचा.

आता तिसरी जात, जिच्यावर तुमचे दोन तास गेले. परभाषेतून आलेल्या शब्दांबद्दल नियम एवढंच सांगतात की ते त्या भाषेतल्या उच्चाराप्रमाणे लिहावेत आणि शेवटच्या अक्षराचा पाय मोडू नये. म्हणजे 'पार्क' लिहायचं, 'पार्क्' नाही. उच्चार कुणाचा ऐकायचा आणि तो कोणत्या वेलांटीत बसवायचा, हे आपल्यावर सोडलेलं आहे.

'फाइल' की 'फाईल' हे उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो, कारण त्याच्या मागे 'साइट', 'लाइन', 'डिझाइन', 'मोबाइल', 'टाइप', 'प्रोफाइल' असं सगळं कुटुंब उभं आहे.

दुसरी वेलांटी मागणाऱ्याचा युक्तिवाद कच्चा नाही. मराठी शब्दात अकारान्त अक्षराआधीचा इकार दीर्घ असतो: कठीण, गरीब, वकील. त्याच चालीने 'फाईल'. पहिली वेलांटी मागणारा म्हणतो की इथे 'आ' आणि 'इ' मिळून एकच सरकता स्वर आहे, 'ई' लांबवून कुणी म्हणत नाही. दोघांनाही नियमांत आधार सापडतो, म्हणून हा वाद नियमांवर मिटत नाही. मी तिसरी कसोटी लावतो: कोणतं रूप घेतलं तर पुढे कमी प्रश्न निर्माण होतील?

'फाईल' घेतलं की लगेच पुढचा प्रश्न येतो. 'वकील'चं 'वकिलाला' होतं, तर 'मोबाईल'ला प्रत्यय लागल्यावर वेलांटी ह्रस्व करायची का? 'मोबाईलवर' की 'मोबाइलवर'? एक जण नियम लावेल, दुसरा नाही लावणार, आणि एकाच लेखात दोन्ही रूपं येतील. मुळातच 'मोबाइल' घेतलं तर ह्रस्व करायला काही उरत नाही. मोबाइल, मोबाइलवर, मोबाइलचा, सगळीकडे तेच. शोधायला सोपं, तपासायला सोपं. म्हणून माझा निकाल असा: 'आइ' जिथे एका दमात उच्चारतो तिथे सगळीकडे 'इ'. ऑनलाइन, वेबसाइट, डिझाइन. एका शब्दाचा नाही, अख्ख्या कुटुंबाचा निर्णय झाला.

तुमच्या संपादकाला 'ऑनलाईन'च डोळ्यांना बरं वाटत असेल तर तेही घ्या, जग बुडत नाही. पण मग प्रत्यय लागल्यावर काय, हेही त्याच नोंदीत लिहा. आणि कुटुंब फोडू नका. 'ऑनलाईन' पण 'वेबसाइट' अशी यादी कुणाच्याही लक्षात राहत नाही.

साध्या इकार-उकाराच्या शब्दांसाठी मी दुसरी कसोटी वापरतो. शब्द मराठी सामान्यरूप घेतो का, ते बघा. 'बँक'चं आपण 'बँकेत' करतो, 'मशीन'चं 'मशिनीत' म्हणतो. असे शब्द घरचे झाले, त्यांना मराठीचे नियम पूर्ण लागू, म्हणून 'मशीन' दीर्घ आणि 'मशिनीत' ह्रस्व. 'टीम'चं 'टिमीत' कुणी म्हणत नाही, 'टीममध्ये' म्हणतात. असा शब्द अजून पाहुणा आहे, त्याला त्याच्या उच्चाराने लिहा आणि प्रत्यय जसाच्या तसा मागे जोडा. त्याच न्यायाने 'क्लिक' ह्रस्व आणि 'स्कीम' दीर्घ, कारण कानाला ते तसे ऐकू येतात. 'लिंक'बद्दल तर भांडायचं कारणच नाही. अनुस्वाराआधीचा इकार मराठीतही ह्रस्व असतो, 'चिंच'सारखा.

शैलीपुस्तिकांत मला नेहमी दिसणारी उणीव म्हणजे शब्दाचं फक्त मूळ रूप दिलेलं असतं. लेखकाला मूळ रूप क्वचितच लागतं. त्याला 'फाइलमध्ये' की 'फायलीत', 'फायली' की 'फाइल्स', 'नवी लिंक' की 'नवा लिंक' हे हवं असतं. वेलांटी सारखी ठेवूनही एकाने 'तो ईमेल' आणि दुसऱ्याने 'ती ईमेल' लिहिलं, तर विशेषणापासून क्रियापदापर्यंत सगळं वाक्य वेगळं होतं. म्हणून नोंद अशी करा:

```
फाइल
लिंग: स्त्रीलिंगी (ती फाइल)
अनेकवचन: फायली
प्रत्यय: फाइलमध्ये, फाइलचा; अनेकवचनी फायलींमध्ये
टाळा: फाईल, फाइल्स, फायल
कारण: 'आइ'चे कुटुंब; प्रत्ययात रूप बदलत नाही
ठरवले: संपादक, तारीख
```

शेवटच्या दोन ओळी गाळू नका. कारण लिहिलेलं असलं की पुढच्या वर्षी आलेला नवा लेखक तोच वाद पुन्हा उकरत नाही. उकरलाच, तर त्याला जुन्या कारणाला उत्तर द्यावं लागतं. 'मला बरं वाटत नाही' हे कारण चालत नाही. 'वाचक वेगळं रूप शोधतात असं दिसतं' हे चालतं.

'संकेतस्थळ' की 'वेबसाइट' हा प्रश्न लेखनाचा नाही, निवडीचा आहे, आणि इथे परिस्थिती बघूनच ठरवावं लागतं. शासनासाठी लिहीत असाल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उघडा आणि त्यांतली संज्ञा घ्या, प्रश्न मिटला. वापरायच्या सूचना लिहीत असाल तर वाचकाला पडद्यावर जे दिसतं तेच लिहा. बटणावर 'डाउनलोड' असेल आणि तुम्ही 'उतरवून घ्या' लिहिलंत, तर वाचक ते बटण शोधत बसतो. सर्वसाधारण लेखांत मात्र माझा कल असा की मराठी शब्द आधीच वापरात असेल आणि समजायला थांबावं लागत नसेल, तर तो घ्यायचा. 'यूजर'पेक्षा 'वापरकर्ता' चांगला, 'अपडेट केलं'पेक्षा बऱ्याचदा 'अद्ययावत केलं' चांगलं. पण 'पासवर्ड'ला 'परवलीचा शब्द' म्हणून वाचकाला अडखळवण्यात अर्थ नाही.

एकच गोष्ट कटाक्षाने पाळा. एका संकल्पनेला एका लेखात एकच शब्द. शाळेत आपल्याला पुनरुक्ती टाळायला शिकवलेलं असतं, म्हणून पहिल्या परिच्छेदात 'वेबसाइट', दुसऱ्यात 'संकेतस्थळ', तिसऱ्यात 'पोर्टल' येतं. ललित लेखात ते खपेल. माहितीच्या लेखात वाचकाला वाटतं की या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

आकड्यांकडे येऊ. देवनागरी की आंतरराष्ट्रीय अंक, हा अस्मितेचा प्रश्न करू नका. मजकूर वाचायचा आहे की उचलून दुसरीकडे टाकायचा आहे, ते बघा. वाचायच्या मजकुरात देवनागरी: साल, वय, रक्कम, अंतर. वाचक जे टंकणार किंवा जसंच्या तसं चिकटवणार आहे ते आंतरराष्ट्रीय अंकांत: फोन क्रमांक, संकेतांक, आवृत्तीचा क्रमांक, फॉर्ममध्ये भरायची किंमत. यामागे तांत्रिक कारण आहे. वेब फॉर्म ज्या जावास्क्रिप्टवर चालतात तिला `Number("१२")` दिलं तर ती `NaN` परत करते, आणि तिचा `\d` हा नमुना फक्त `0` ते `9` ओळखतो. फॉर्म बनवणाऱ्याने वेगळी सोय केली नसेल, तर वाचकाने तुमच्या लेखातून चिकटवलेला '१२' चुकीचा ठरतो आणि चूक कुठे झाली हे त्याला कळत नाही.

दोन्ही अंक एकाच ओळीत मिसळू नका. देवनागरी '१' आणि आंतरराष्ट्रीय '9' यांची वळणं लहान अक्षरांत फार जवळची दिसतात. फोन क्रमांक वेगळ्या ओळीत टाकला की ही भानगडच राहत नाही.

अंक की अक्षरी, याचा नियम दुसऱ्या भाषांच्या शैलीपुस्तिकांतून उचलून आणता येत नाही, कारण मराठीत संख्या वाक्याबरोबर रूप बदलतात. 'दहापर्यंत अक्षरी, पुढे अंक' हा ढोबळ नियम ठीक आहे, पण माणसं मोजताना '४ जणांनी' यापेक्षा 'चौघांनी', 'तिघींनी' हीच मराठी. क्रमवाचकांत 'पहिला, दुसरा, तिसरा, चौथा' यांना एक साचा नाही, म्हणून '२रा', '४था' अशी कसरत करण्यापेक्षा दहाव्यापर्यंत अक्षरी लिहा. पुढे '२१वा' असं, मध्ये जागा न सोडता. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आपण शब्दाला जोडून लिहितो, तशीच आकड्यालाही जोडा: '१९७२मध्ये', '५०पेक्षा'. आकड्यापुढे जागा सोडणारेही बरेच आहेत. मी जोडतो, कारण 'घरामध्ये' जोडून आणि '१९७२ मध्ये' तोडून लिहायला मला कारण सापडत नाही. शिवाय जागा सोडली की ओळ तिथेच तुटते आणि 'मध्ये' एकटं पुढच्या ओळीवर जातं.

अपूर्णांकांत आपल्याकडे जे आहे ते सोडू नका. परिच्छेदात '२.५ लाख' लिहिलं तरी वाचणारा मनात 'अडीच लाख'च म्हणतो, मग तसंच लिहा. दीड, अडीच, सव्वादोन, साडेतीन, पावणेचार हे सगळं वाक्यात अक्षरी आणि तक्त्यात दशांशात. पण अचूक आकडा असेल तर गोलाई करू नका. '२.४७ लाख' म्हणजे 'अडीच लाख' नव्हे, 'सुमारे अडीच लाख'. मोठ्या संख्या लाख-कोटीत, आणि स्वल्पविरामही त्याच पद्धतीने: १२,५०,०००. परकीय मजकुरातून 'मिलियन' आलं की दहा लाख, 'बिलियन' आलं की शंभर कोटी. 'अब्ज' बरोबरच आहे, तरी मी 'शंभर कोटी'ला पसंती देतो, कारण 'अब्ज' वाचल्यावर अनेकांना शून्यं मोजावी लागतात.

आता जे बहुतेक शैलीपुस्तिकांत नसतं ते. तुमच्या सगळ्यांच्या वेलांट्या जुळल्या, तरी दिसायला एकसारखा शब्द आतून वेगळा असू शकतो. 'ॲप' घ्या. त्यातलं 'ॲ' हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून टंकता येतं किंवा 'अ'वर चंद्र देऊन. पडद्यावर फरक दिसत नाही, पण एक प्रकार शोधला तर दुसरा सापडतोच असं नाही. 'बँक'चंही तेच. कुणी 'ब'वर चंद्रबिंदू देतं, कुणी चंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे देतं. 'दुसऱ्या'मधला अर्धा 'र' तर दोन अगदी वेगळ्या मार्गांनी येतो. कळफलक वेगळा की हे वेगळं. सात जणांचे कळफलक सारखे असण्याची शक्यता कमीच. पुस्तिकेत हा तक्ता ठेवा, डावीकडचं टाळायचं, उजवीकडचं ठेवायचं:

```
U+0905 U+0945          ->  U+0972          (ॲप)
U+0945 U+0902          ->  U+0901          (बँक)
U+0930 U+094D U+200D   ->  U+0931 U+094D   (दुसऱ्या)
```

उलटी निवडही चालेल, फक्त सगळ्यांची एकच असू द्या. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण यांतला एकही जोड एकत्र करत नाही, म्हणून 'सॉफ्टवेअर बघून घेईल' असं गृहीत धरू नका. तपासणं सोपं आहे. एका सहकाऱ्याच्या लेखातलं 'ॲप' उचलून शोधखिडकीत टाका आणि दुसऱ्याच्या लेखात शोधा. एकही सापडलं नाही आणि डोळ्यांना मात्र चार दिसत असतील, तर रोग हाच. शेवटचे हे बदल अख्ख्या मजकुरावर एकदम करता येतात, कारण यांत शब्द बदलत नाही, फक्त त्याची आतली घडण बदलते. मजकूर प्रसिद्ध होण्याआधी शेवटच्या टप्प्यावर हे आपोआप होईल असं तुमच्या तंत्रज्ञांकडून करून घ्या. लेखकाला हे लक्षात ठेवायला लावू नका.

जाता जाता, 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं हिंदीसारखी दिसतात अशी तक्रार टीममध्ये येईलच. तो लेखकाचा दोष नाही. पानाला `lang="mr"` दिलं आणि फॉन्टमध्ये मराठी वळणांची सोय असली की ते सुटतं.

वेलांट्यांचे बदल मात्र एकदम करू नका, इथे हमखास घात होतो. 'परिक्षा' ही चूक सगळीकडे सुधारायची म्हणून कुणी 'परिक्षे' शोधून 'परीक्षे' करतं, म्हणजे 'परिक्षेत', 'परिक्षेला' हे सगळं एका फटक्यात सुधारेल. सुधारतंही. पण 'वनपरिक्षेत्र अधिकारी' असेल तिथे 'वनपरीक्षेत्र' होतं, आणि तो शब्द मुळात बरोबर होता. 'टिम'चं 'टीम' करायला गेलात तर 'अल्टिमेटम' आणि 'ऑप्टिमायझेशन' बिघडतात. मराठीत शब्द प्रत्यय घेऊन लांबतो, म्हणून संपूर्ण शब्द शोधणं पुरत नाही, आणि शब्दाचा तुकडा शोधला तर तो भलत्या शब्दात सापडतो. मार्ग एकच: तुकडा शोधा, सापडलेल्या सगळ्या ओळी एकाखाली एक काढा, डोळ्यांखालून घाला आणि मग एकेक बदला. टाळायच्या प्रत्येक रूपाशेजारी 'शोधायचा तुकडा' आणि 'यात सोडून द्यायचे शब्द' हेही लिहून ठेवा. 'परिक्षे'समोर 'परिक्षेत्र' लिहिलेलं असलं की पुढचा माणूस त्यात पडत नाही.

जुन्या मजकुराचं काय, हे तुमच्या वेळेवर अवलंबून आहे. सगळं परतून सुधारायला कुणाकडेच माणसं नसतात. नवा मजकूर आजपासून पुस्तिकेप्रमाणे, जुना लेख दुसऱ्या कारणाने उघडला की तेव्हा सुधारायचा. मुखपृष्ठ, बटणं आणि जास्त वाचली जाणारी पानं तेवढी लगेच. पुस्तकाचं काम असेल तर ही सवलत नाही, तिथे छपाईआधी सगळं एकसारखं हवं.

पुढची बैठक बोलावण्याआधी प्रत्येकाचे दोन-तीन छापून आलेले लेख घ्या आणि एका जणाला बसवून एकाच शब्दाची वेगवेगळी रूपं काढायला लावा. अंदाजाने यादी केली तर ती भलत्याच शब्दांनी भरते, 'शुद्धलेखनाच्या शंभर चुका' छापाची. प्रत्यक्ष मजकुरातून काढलेली यादी छोटी निघते. त्यातले महामंडळाने ठरवलेले शब्द बैठकीत आणूच नका, परस्पर पुस्तिकेत टाका. नियमांनी मोकळे ठेवलेले आणि परके शब्द तेवढे बैठकीत घ्या, एकेका शब्दावर नाही तर कुटुंबावर बोला, आणि शेवटचा शब्द कुणाचा हे आधी ठरवा. सातांत एकमत होणार नाही. एक जण ठरवेल, कारण लिहील, आणि सहा महिने ती नोंद बंद. तोवर कुणाला वेगळं वाटलं तर त्याने नोंदीखाली उदाहरणासकट लिहून ठेवायचं. सहा महिन्यांनी त्या टिपा एकत्र वाचा. बहुतेक तोवर निवलेल्या असतात. ज्या नोंदीखाली तीन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेलं असेल तीच फक्त पुन्हा उघडा.